विहिरीची वाट, जळवा आणि काकांचा पाय: सत्तरीतल्या एका घराचं प्रकरण

घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आहे, वाळपईहून आत, म्हादईच्या खोऱ्यात. मागच्या दाराला लागूनच कुळागर, पोफळी, केळी, मधे दोन फणस, मिरीच्या वेली आणि साधारण पंचवीस मीटरवर विहीर. पंपाचं बटण विहिरीजवळच्या खोपीत, त्यामुळे दिवसातून दोनतीनदा कोणीतरी त्या वाटेनं जाणारच. या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जून संपताना जळवा दिसायला लागतात आणि सप्टेंबर उलटेपर्यंत जात नाहीत, म्हणून घरात त्याचं कोणाला विशेष वाटत नव्हतं. पाय झटकायचा, मीठ टाकायचं, पुढे जायचं. आम्ही शेजारचे, आमचंही कुळागरच, त्यामुळे ही सगळी भानगड जवळून बघितली आणि नंतर वाटेच्या कामातही होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

झालं असं की जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घरातले काका, वय बहात्तर, सकाळी उजाडताना अनवाणी पंप लावून आले आणि सोप्यावर चहा घेत बसले. थोड्या वेळानं सून झाडू मारायला आली तर खाली रक्ताचं थारोळं. काकांना काही कळलंच नव्हतं, दुखत नव्हतं, खाजतही नव्हतं. घोट्याच्या आतल्या बाजूला एकमेकींपासून बोटभर अंतरावर दोन जखमा आणि दोन्हीतून पातळ रक्ताची धार. दोन जखमा शेजारी शेजारी बघून सुनेच्या तोंडून पहिला शब्द आला तो "जनावर!", म्हणजे साप, आणि मग घरात एकच पळापळ.

इथे दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या आणि त्या वेगळ्या करून समजून घेतल्या पाहिजेत. पहिली म्हणजे जळू चावल्यावर रक्त वाहतंच. तिच्या लाळेत हिरुडिन असतं, ते रक्त गोठू देत नाही, शिवाय रक्तातल्या चिकटणाऱ्या पेशींना जखमेवर धरू न देणारे आणि रक्तवाहिन्या रुंद करणारे पदार्थही असतात, म्हणून जळू पोट भरून गळून पडली तरी रक्त तासन् तास झिरपत राहतं आणि निरोगी माणसालाही अर्धा दिवस पट्टी बदलावी लागते. दुसरी गोष्ट, काकांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, रोज ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे, दोन्ही औषधं त्याच चिकटणाऱ्या पेशींवर काम करतात. म्हणजे आतून औषध आणि बाहेरून जळूची लाळ, दोन्ही एकाच दिशेनं ओढत होती. रक्त इतकं का जातंय त्याचं उत्तर हेच होतं, पण त्या क्षणी ते कोणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

मुलानं कापड बांधायला घेतलं तेव्हा लेंग्याच्या घडीतून फुगलेली जळू खाली पडली. आता कोणीही म्हणेल की झालं, उलगडा झाला, घरी बसा. तसं केलं नाही हे बरं केलं. जळू सापडली म्हणजे साप नव्हताच असं सिद्ध होत नाही, दोन्ही त्याच ओल्या पाचोळ्यात असतात, आणि रक्त न थांबणं हे घोणस, फुरसं, चापडा यांच्या दंशाचंही लक्षण आहे. फरक कसा ओळखायचा तर या सापांच्या दंशानंतर बहुधा चांगलंच दुखतं, आग होते, सूज येते आणि ती तासातासाला वर चढते, पुढे हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येऊ शकतं. जळूच्या चाव्याला दुखणं जवळजवळ नसतं, सूज असली तर जखमेपुरती, आणि जखम नीट पुसून उजेडात बघितली तर तीन पाकळ्यांची बारीक खूण दिसते कारण तिला तीन जबडे असतात. काकांच्या दोन्ही जखमा पुसल्यावर तशा दिसल्या, म्हणजे दोन जळवा, एक आधीच कुठेतरी गळून गेलेली. पण मण्यारीच्या दंशाला सूजही नसते आणि दुखणंही फारसं नसतं, म्हणून अंधारात किंवा पाचोळ्यात काय झालं ते स्वतः बघितलेलं नसेल तर घरच्या घरी निकाल लावायचा नाही. १०८ ला फोन केला आणि काकांना वाळपईला नेलं.

तिथे जे केलं ते साधंच होतं. शिरेतून थोडं रक्त काढून स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घातलं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवलं, मग नळी कलती केली. रक्ताची गाठ झालेली होती. घोणशीचं विष अंगात भिनलं असेल तर ते बहुधा पातळच राहतं. काकांच्या औषधांमुळे ही चाचणी सहसा बिघडत नाही कारण ती औषधं गाठ बनण्याची मुख्य साखळी तोडत नाहीत, पण कोणी वॉरफरिनसारखं औषध घेत असेल तर बिघडू शकते, म्हणून दवाखान्यात पाऊल टाकल्याबरोबर कुठल्या गोळ्या चालू आहेत ते सांगायचं, शक्य असेल तर पाकीटच न्यायचं. सुनेनं गोळ्यांचा डबा उचलून आणला होता. डॉक्टरांनी तरीही दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं, चाचणी परत केली, पापण्या जड होतात का, गिळायला त्रास होतो का ते बघत राहिले, धनुर्वाताची सुई दिली आणि सोडलं.

घरी आल्यावर काकांनी एक प्रश्न विचारला तो महत्त्वाचा होता. "पावसाळाभर त्या रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद ठेवू काय?" नाही. अजिबात नाही. स्टेंटवाल्यानं मनानं या गोळ्या बंद केल्या तर स्टेंटमध्येच गाठ धरू शकते आणि तो धोका जळूच्या चाव्यापेक्षा कितीतरी मोठा. गोळ्या तशाच चालू ठेवायच्या आणि जळू लागू द्यायची नाही, हाच मार्ग.

आता चावा हाताळण्याबद्दल, कारण या घरात आणि बहुतेक घरांत जे करतात ते उलटं असतं. जळू लागलेली दिसली की मीठ, चुना, तंबाखूचं पाणी नाहीतर पेटती काडी. जळू सुटते हे खरं, पण सुटताना ती आचके देऊन पोटातलं जखमेत ओकते, आणि जळवांच्या पोटात एरोमोनाससारखे जंतू असतात. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशननंतर मुद्दाम जळवा लावतात तेव्हा रुग्णाला अँटिबायोटिक देतात ते याच जंतूंसाठी. त्यामुळे काढायची तर नखानं. जळूचं बारीक टोक तोंडाचं असतं, जाड टोक मागचं. बारीक टोकाजवळ कातडी थोडी ताणून धरायची, नख कातडीला टेकवून बाजूनं आत सरकवायचं, पकड सुटली की लगेच मागचं टोक तसंच सोडवायचं आणि टिचकीनं उडवायची, नाहीतर ती त्याच बोटाला धरते. सरळ ओढायची नाही, जखम फाटते. आणि नाहीच जमलं तर धीर धरायचा, अर्ध्या तासात किंवा थोड्या जास्त वेळात पोट भरलं की आपोआप पडते, तेवढ्यात जाणारं रक्त निरोगी मोठ्या माणसाला काही विशेष नाही.

मग साबण आणि पाण्यानं धुवायचं, स्वच्छ गॉज किंवा धुतलेल्या सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून बोटांनी घट्ट दाबायचं, पाय उंचावर घ्यायचा आणि पंधरा मिनिटं घड्याळ लावून मधे उचलून बघायचं नाही. थांबलं का थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचललं की नुकती धरलेली गाठ निघते आणि परत पहिल्यापासून. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरी घडी ठेवायची, खालचं काढायचं नाही. हळद, कॉफी पावडर, चुना यातलं काही भरायचं नाही, त्यानं रक्त थांबल्यासारखं वाटतं पण घाण आत बसते. पुढचे काही दिवस खाज येते, कधीकधी जोरदार, तेव्हा कॅलामाइन लावायचं, फारच असेल तर डॉक्टरांना विचारून सेट्रिझिन. खाजवून उघडी केलेली जखम घेऊन पावसाच्या साचलेल्या पाण्यात, गोठ्यात, शेतात अनवाणी फिरणं मात्र खरोखर टाळा, कारण लेप्टो हा आपल्याकडे पावसाळ्यातला नेहमीचा आजार आहे आणि उंदरांच्या मुतानं दूषित पाणी अशाच फुटलेल्या कातडीतून आत जातं. जखमेभोवती लाली पसरत गेली, गरम लागलं, पू आला किंवा ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर दवाखाना. काकांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी दोनदा पंधरा पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल तर वाट बघत बसायचं नाही.

काकांच्या जखमा धरल्या, प्रश्न राहिला वाटेचा. तिथे दरवर्षी मीठ टाकत होते. जाडं मीठ, गोणीनं. पाऊस पडला की तासाभरात मीठ गेलं, कुठं गेलं तर उतारानं विहिरीकडे, आणि आपला जांभा भोकाभोकाचा, वरचं पाणी आत झिरपायला वेळ लागत नाही. वाटेकडेच्या मिरीच्या दोन वेलींची पानं कडेनं करपली होती ती मला तरी मिठानंच वाटतात. आणखी कोणीतरी कीटकनाशक मारा म्हणून सांगितलेलं, विहिरीपासून चार पावलांवर. नको. ते प्यायच्या पाण्यात जाणार, आणि दोनचार जळवा मेल्या तरी पाचोळ्यातल्या बाकीच्या तशाच राहतात.

आधी जळवा येतात कुठून ते बघायचं ठरवलं. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे, जुनी पांढरी चादर वाटेवर पसरायची, पँट मोज्यात खोचून मधे उभं राहायचं, थोडे पाय आपटायचे आणि पाचेक मिनिटं कडांकडे बघत राहायचं. जळूला जमिनीचा थरथराट, आपला श्वास, अंगाची ऊब कळते, ती टोकावर उभी राहून डोकं फिरवते आणि मग वितीवितीनं मोजत तुमच्याकडे येते. पांढऱ्यावर लगेच दिसते. दाराजवळ चादर टाकली, जवळजवळ काही नाही. मधल्या फणसाखाली दोनतीन. विहिरीच्या अलीकडे, केळींच्या बाजूला, मात्र एकाच कडेनं रांग लागली. दुसऱ्या कडेनं, जिथे थोडं ऊन पडतं, एखादीच. म्हणजे सगळं कुळागर जळवांनी भरलंय हे खरं नव्हतं, वाटेचा सातआठ मीटरचा एक तुकडा भरलेला होता.

तिथे काय होतं ते मग सहज दिसलं. विहिरीच्या कठड्याजवळ भांडी आणि कपडे धुतात, ते पाणी कट्ट्यावरून सरळ केळींच्या आळ्यात, आळं भरून वाटेवर. म्हणजे पावसानं उघडीप दिली तरी तो तुकडा सुकतच नव्हता. वर फणसाच्या खाली आलेल्या फांद्या, ऊन नाही. वाट झाडताना पातेरा आणि पोफळीच्या झावळ्या तिथेच कडेला लोटलेल्या, गुडघाभर ढीग. आणि गाय त्याच केळीजवळ बांधायचे. जळूला जे जे लागतं, ओल, सावली, लपायला पाचोळा आणि रक्त, ते चारही त्या तुकड्यात आयतं होतं. एकदा पोटभर रक्त मिळालं की ती कित्येक महिने त्यावर काढते आणि तिथेच ओल्या मातीत कोशात अंडी घालते, म्हणून दर पावसाळ्यात त्याच जागी.

इथे एक अडचण होती ती कुळागरवाल्यांना लगेच कळेल. पातेरा सगळा काढून टाका म्हणणं सोपं आहे, पण पोफळीच्या बुडात तोच खत आणि तोच ओलावा धरतो. मुलगा म्हणालाच, "पातेरो काढलो तर उन्हाळ्यात पाणी खंयचें घालू?" बरोबर आहे त्याचं. म्हणून कुळागराला हात लावला नाही, फक्त वाटेच्या दोन्ही बाजूंना दीडदीड मीटरचा पट्टा मोकळा केला. गवत जमिनीलगत कापलं, पातेरा आत दूरच्या पोफळींना नेऊन घातला, कडेला ढीग करून ठेवला नाही. हा पट्टा जळूला ओलांडता येत नाही असं नाही, पण उघड्यावर, वाऱ्या-उन्हात तिचं अंग सुकतं म्हणून ती टाळते, आणि आली तर दिसते. गवताच्या पात्यावर उभी राहून पायाला धरायची तिची सोय मात्र पार जाते. जमिनीवरच्या जळवा झाडावरून टपकतात असं सगळे म्हणतात, तसं सहसा नसतं, त्या बुटावरून चढत मानेपर्यंत गेलेल्या असतात.

खरा फरक धुण्याच्या पाण्यानं पडला. कट्ट्याला सिमेंटची चार बोटं उंच कड केली, एका कोपऱ्याकडे उतार दिला आणि तिथून तीन इंची पाइपनं पाणी वाटेपासून लांब, खालच्या केळींना सोडलं. जुलैत पावसात सिमेंट करणं म्हणजे वर ताडपत्री धरून, पण ते थांबण्यासारखं काम नव्हतं. फणसाच्या खालच्या दोन फांद्या उतरवल्या, दुपारचं ऊन वाटेवर यायला लागलं. गाय गोठ्याच्या पलीकडे बांधायला लागले, आणि तिच्या खुरांच्या बेचक्यात, कासेवर, नाकपुडीत संध्याकाळी बघायचं असं ठरलं.

नाकपुडीचं खास सांगतो कारण पाण्यातली एक जात वेगळी आहे. झऱ्याच्या, दोणीच्या, उघड्या पाण्यात तिची दोऱ्यासारखी बारीक पिल्लं असतात, गुरं पाणी पिताना ती नाकात शिरतात आणि तिथेच महिनोनमहिने मोठी होतात. झऱ्याला तोंड लावून पाणी पिणाऱ्या माणसालाही होतं. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त, आत काहीतरी हलल्यासारखं, थुंकीत रक्त, असं असेल तर ते उष्णतेचं म्हणून सोडू नका आणि घरी चिमट्यानं ओढू नका, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा. विहिरीचं पाणी गाळून उकळून प्यायलं तर हा प्रश्न येतच नाही, आणि गुरांची दोण आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून सुकू द्यायची.

तो सातआठ मीटरचा तुकडा पुढे मे महिन्यात नीट बांधला. माती वीतभर उंच केली, तीन फूट रुंद, दोन्ही बाजूंना गटारी आणि वर चार इंच जाड खडी. आधी तिथे जांभ्याचे चिरे होते, ते पाणी धरून ठेवतात आणि शेवाळ येऊन घसरतात, खडीतून पाणी खाली जातं आणि वरचा थर अर्ध्या दिवसाच्या उघडिपीत सुकतो. हे काम पावसात करू नये, खडी चिखलात बसते आणि पैसे वाया. खोपीच्या उंबऱ्यावर, छपराखाली, चुलीतल्या राखेचा हातभर पट्टा ओढतात, तिथे तो कोरडा राहतो म्हणून उपयोगी. उघड्यावर राख किंवा चुना टाकला तर पहिल्या सरीत संपतो, त्याच्या भरवशावर कोणी राहू नये. कोंबड्या सोडल्या तर त्या पातेरा उकरून जळवा वेचतात, ते चांगलंच, पण वाट त्यांनी साफ होणार नाही.

काकांसाठी नियम वेगळा केला. अंधारात विहिरीकडे जायचंच नाही, पंपाला घरातून बटण काढून घेतलं, वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम. गेलेच तर गमबूट, आत गुडघ्यापर्यंतचे दाट विणीचे सुती मोजे पँटवरून ओढलेले, कारण बुटावरून चढून जळू वरच्या कडेनं आत उतरते. डास पळवणारं, डीट असलेलं मलम मोज्यांवर लावलं तर जळवा टाळतात, पण भिजलं की परत लावावं लागतं. मागच्या दाराशी एक बाकडं, वर दिवा आणि पाण्याची बादली ठेवलीय, येणारा प्रत्येकजण तिथे बसून बोटांच्या बेचक्या, घोटे, गुडघ्यामागची घडी बघूनच आत येतो. या बाकड्याचा उपयोग मला बाकी सगळ्याइतकाच वाटतो, कारण जळू लागायच्या आधी काही मिनिटं अंगावर फिरत असते आणि तेवढ्यात सापडली तर जखमच होत नाही.

आताची स्थिती अशी की उघडिपीच्या दिवसांत त्या तुकड्यावर चादर टाकली तर क्वचित एखादी येते. सलग झड लागली, दोनतीन दिवस ऊनच नाही, की येतात, पण पूर्वीची रांग नाही. राहिलाय तो वरच्या अंगाचा बांध, तो दुसऱ्याच्या मालकीचा आणि तिथे गवत कंबरभर. त्यांच्याशी बोलणं झालंय, ते जूनच्या सुरुवातीला आणि चतुर्थीच्या आधी असं दोनदा कापून देणार आणि कापलेलं गवत या घरची गाय खाणार.